फॅटी लिव्हर: आहाराचा हिशेब, वजनाचं लक्ष्य आणि फायब्रोसिसवर नजर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' लिहून आलंय. म्हणजे आजार मधल्या टप्प्यावर आहे का?

नाही. सोनोग्राफीतला ग्रेड सांगतो तो लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतं, म्हणजे साधारण किती चरबी साठली आहे, एवढंच. चरबीमुळे सूज येऊन लिव्हरमध्ये व्रणासारखे कडक तंतू तयार होऊ लागलेत का, हे त्यातून कळत नाही. हे तंतू म्हणजे फायब्रोसिस, आणि पुढे लिव्हर निकामी होणार की नाही हे बहुतांशी त्यावरच ठरतं. ग्रेड ३ असलेल्या माणसाला फायब्रोसिस अजिबात नसू शकतो आणि ग्रेड १ वाल्याला बराच असू शकतो. उलट फायब्रोसिस फार वाढला की चरबी कमी दिसू लागते, आणि 'ग्रेड उतरला' म्हणून घरात पेढे वाटले जातात.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर 'ग्रेड किती?' विचारण्यापेक्षा 'फायब्रोसिसचा धोका किती?' हा प्रश्न विचारावा. वजन किती कमी करायचं, पुन्हा कधी तपासायचं, हे दोन्ही त्याच्या उत्तरावर ठरतं.

एसजीपीटी नॉर्मल आहे. मग पुढे बघायची गरज काय?

एसजीपीटी नॉर्मल असतानाही फायब्रोसिस पुढे गेलेला असू शकतो, विशेषतः मधुमेह असेल तर. लिव्हरच्या पेशी फुटल्या की एसजीपीटी वाढतं. तंतू किती साठले हे ते मोजत नाही.

फायब्रोसिसचा धोका घरच्या घरी काढता येतो का?

पहिली चाळणी लावता येते. तिला फिब-४ म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी नेहमीच्या रक्ततपासणीत असतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स.

फिब-४ = (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट्स × √एसजीपीटी)

उत्तर १.३ पेक्षा कमी आलं तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर आलं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मधलं आलं तर दुसरी तपासणी, बहुधा लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेषा १.३ ऐवजी २.० धरतात, कारण सूत्रात वयाचा गुणाकार असल्याने म्हाताऱ्या माणसाचा आकडा उगाच फुगतो. पस्तिशीच्या आतल्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती प्लेटलेट्सच्या आकड्यात. आपल्याकडचे रिपोर्ट '२.१ लाख' असं लिहितात, सूत्राला मात्र हजारांतला आकडा लागतो, म्हणजे २१०. तिथे २.१ टाकलं तर उत्तर शंभरपट येतं आणि माणूस रात्रभर जागा राहतो.

एखादं उदाहरण घेऊन दाखवाल का?

समजा, ४८ वर्षांचे गृहस्थ आहेत. घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, दिवसाचे अडीच-तीन तास बसमध्ये. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, पोटाचा घेर १०१ सेंटिमीटर. एचबीए१सी ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दारू जवळजवळ नाही. एसजीओटी ४६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २.१ लाख.

वय गुणिले एसजीओटी: ४८ × ४६ = २२०८. खाली २१० गुणिले ६४ चं वर्गमूळ, म्हणजे २१० × ८ = १६८०. भागाकार १.३१. रेषेच्या जेमतेम वर.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक जण 'जरासंच तर जास्त आहे' म्हणून सोडून देतो, दुसरा लगेच सिरॉसिसच्या बातम्या वाचायला बसतो. १.३१ चा अर्थ एवढाच, की या आकड्यावरून फायब्रोसिस नाही असं म्हणता येत नाही. म्हणून फायब्रोस्कॅन केला आणि कडकपणा ९.४ किलोपास्कल आला. ८ च्या खाली असता तर काळजीचं फारसं कारण नव्हतं, १२ च्या वर असता तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता बरीच होती. हे गृहस्थ मधल्या पट्ट्यात आहेत. त्यांनी एकदा लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायला हवं आणि वजनाचं लक्ष्य सौम्य ठेवून चालणार नाही.

त्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घेतलेले असावेत. शिवाय चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्यावी. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन, अमिओडारोन यांनीही लिव्हरवर चरबी साठते, आणि तसं असेल तर नुसत्या आहाराने प्रश्न सुटत नाही.

वजन नेमकं किती कमी करायचं?

सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत मोजायचं. शरीराच्या ३ ते ५ टक्के वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. सूज शमायला साधारण ७ टक्के किंवा जास्त लागतात. फायब्रोसिस मागे हटण्याची खरी आशा १० टक्के आणि त्यापुढे असते. २०१५ साली क्यूबातल्या एका अभ्यासात २९३ जणांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी सगळ्यांच्या आणि नंतर बहुतेकांच्या लिव्हरचा तुकडा काढून तपासला होता. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यातल्या ४५ टक्के लोकांचा फायब्रोसिस मागे आला. पण इतकं वजन उतरवता आलं ते दहातल्या एकालाच. ही दुसरी गोष्ट सांगितली जात नाही, आणि मग सात टक्क्यांवर थांबलेला माणूस स्वतःला नापास समजतो.

आपल्या उदाहरणात ८२ किलोचे ५ टक्के म्हणजे ४.१ किलो, वजन ७७.९ वर. सात टक्क्यांना ७६.३, दहा टक्क्यांना ७३.८. पहिला टप्पा तीन-चार महिन्यांत आणि ७६ च्या आसपासचा सहा ते नऊ महिन्यांत गाठायचा. कडकपणा ९.४ असल्यामुळे शेवटचं लक्ष्य ७३.८ च ठेवायचं, वर्षभराच्या मुदतीत. फिब-४ एकच्या खाली असता तर ७ टक्के गाठून ते टिकवण्यावर भर दिला असता.

मी तर बारीकच आहे. मलाही दहा टक्के?

बीएमआय २३ च्या खाली असूनही लिव्हरवर चरबी असलेले लोक आपल्याकडे बरेच दिसतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी ती अंगकाठी. अशांना ३ ते ५ टक्केही पुरतात आणि दहाच्या मागे लागल्यास स्नायू झडण्याची भीती असते. त्यांनी काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवावं: पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत.

आहाराची तपासणी करताना काय विचारतात? मी तर घरचंच खातो.

'घरचंच खातो' हे वाक्य आहारतज्ज्ञांना रोज ऐकू येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून तीन दिवसांचा जेवणखाण्याचा हिशेब लिहायला सांगतात: दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. रविवार वगळला तर मिसळ, मस्तानी आणि रात्रीचं हॉटेल असं सगळंच निसटतं. लिहायचं ते खाल्ल्यावर लगेच, वाटी-पोळी-चमच्याच्या मापात. रात्री आठवून लिहिलं की चहाबरोबरची खारी हमखास विसरली जाते.

आपल्या गृहस्थांचा हिशेब असा निघाला. दिवसाचे चार चहा, त्यातले दोन अमृततुल्यमधले. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी, आणि दूध धरून चहाचेच २९० च्या आसपास. खारी-बिस्किटं २००. सकाळचे पोहे ३००. डब्यात चार पोळ्या, भाजी, आमटी-भात मिळून ८५०. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी वडापाव, त्याची रोजची सरासरी १३०. रात्री साडेनऊला तीन पोळ्या, भाजी, भात, एकूण ६५० च्या घरात. बेरीज सुमारे २४००. दिवसभर बसून काम करणाऱ्याला हे जास्तच होतं, आणि यात प्रथिनं जेमतेम ५० ग्रॅम होती.

तेल कसं मोजायचं? भाजीत किती पडतं ते कुणाला माहीत?

चमच्याने मोजायला जाऊच नका, डब्याने मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर वजनात ते साधारण ४.६ किलो होतं. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर असं ठरवलं तर ते १५ ते २३ ग्रॅमवर येतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवावं. वीस तारखेला बरणी रिकामी दिसली की कुठे गेलं ते घरातल्या सगळ्यांना आपोआप कळतं. तूप आणि शेंगदाण्याचं कूट याच्या बाहेर आहे, तेही मोजायचं.

मग ताटात नेमका बदल काय करायचा?

रोज ५०० ते ६०० कॅलरी कमी होतील असं बघायचं. आपल्या उदाहरणात चहातली साखर बंद (१६०), खारी-बिस्किटं बंद (२००), तेल निम्म्यावर (१६०) आणि डब्यातल्या चारऐवजी दोन पोळ्या (२३०). एकूण ७५० कमी झाल्या. पण त्या जागी जाड वाटीभर मटकीची उसळ आणि एखादं अंडं किंवा दही आलं, त्याच्या १५० परत मिळवल्या. निव्वळ घट ६००.

पोळ्या कमी करून त्यांची जागा रिकामी ठेवली तर पाच वाजता वडापावच्या गाडीजवळ पाय थांबतात. प्रथिनं वाढवायची ती यासाठी, आणि वजनाबरोबर स्नायू उतरू नयेत यासाठीही. रोज ७५ ते ८० ग्रॅमपर्यंत जायचं. शाकाहारी माणसालाही ते जमतं: घट्ट उसळीची वाटी ७ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर साधारण १८, कोरडे ३० ग्रॅम सोया चंक्स १५, पेलाभर दूध ६, ज्वारीची भाकरी ५. पातळ वरणाची वाटी मात्र फसवी असते, तिच्यात डाळ फार थोडी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

गूळ, मध, फळांचा रस चालेल ना?

लिव्हरला त्यांतला फरक कळत नाही. साखर आणि गूळ दोन्हींत ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असतं, मधात तर ते वरचढ असतं. फ्रुक्टोज बरंचसं लिव्हरमध्येच जातं आणि जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. 'गुळाचा चहा' ही पाटी बघून दुसरा कप घेऊ नये. उसाचा रस आणि डबाबंद ज्यूसही त्याच माळेतले. अख्खं फळ वेगळं: एक पेरू किंवा संत्रं चावून खाताना तंतूही पोटात जातात आणि तीन फळं एका घोटात संपत नाहीत.

उपवासाचा प्रश्न नेहमी येतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, तूप आणि दाण्याचं कूट, एका ताटलीत ४०० च्या पुढे कॅलरी सहज जातात. उपवास ठेवायचाच असेल तर वरीचे तांदूळ थोडे, दही, ताक, फळ असा ठेवावा.

कॉफीबद्दल मात्र चांगली बातमी आहे. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळतो. बिनसाखरेची प्यायलात तर तिला विरोध करण्याचं कारण नाही.

आठवड्याला किती उतरावं? जास्त भराभर उतरवलं तर चांगलंच ना?

आठवड्याला अर्धा ते एक किलो. महिनोन्महिने याहून बऱ्याच वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होतात, आणि फार वेगाने उतरणाऱ्यांत लिव्हरची सूज वाढल्याचंही पाहिलं गेलं आहे. पहिल्या आठवड्यातले दीड-दोन किलो धरू नका, त्यात पाणी बरंच असतं.

रोज ६०० कॅलरींची घट कागदावर आठवड्याला अर्धा किलो दाखवते, आणि त्या हिशेबाने वर्षात २६ किलो जायला हवेत. तसं होत नाही. वजन उतरलं की शरीराची गरज उतरते, मापं हळूहळू सैल होतात, गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ येतो. तीन-चार महिन्यांनी काटा अडकला तर पुन्हा तीन दिवसांचा हिशेब लिहावा. बहुतेक वेळा उपाशी राहण्यापेक्षा तेलाची बरणी तपासणं कामाला येतं.

वजन करायचं ते आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही न खाता, त्याच काट्यावर.

उतरलेलं वजन चरबीचं की स्नायूंचं, हे कसं ओळखायचं?

घेर घटत असेल आणि ताकद तशीच असेल तर चरबी. वजन घटलं, घेर तसाच, आणि जिना चढताना मांड्या भरून येतात, तर स्नायू गेले असं समजावं. दवाखान्यात हाताच्या पकडीचं यंत्र असेल तर पुरुषांची पकड २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली जाऊ नये. घरी करायची चाचणी म्हणजे हात छातीवर घट्ट बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर आहारात प्रथिनं आणि आठवड्यात दोन-तीन दिवस वजनाचे व्यायाम कमी पडताहेत. नुसतं तळजाईवर चालणं चांगलंच, पण त्याने मांड्या राखल्या जात नाहीत.

आठवड्याला १५० मिनिटं दमवणारी हालचाल लिव्हरला उपयोगी असते, अगदी वजन हललं नाही तरी.

फिब-४ आणि फायब्रोस्कॅन पुन्हा कधी?

फिब-४ १.३ च्या खाली असेल तर, मधुमेह किंवा त्याचा उंबरठा असणाऱ्यांनी किंवा रक्तदाब-लठ्ठपणा-कोलेस्टेरॉल यांपैकी दोन गोष्टी असणाऱ्यांनी एक ते दोन वर्षांनी पुन्हा काढावा, बाकीच्यांनी दोन-तीन वर्षांनी. आपल्या उदाहरणासारखं मधल्या पट्ट्यात असाल तर एन्झाइम्स, म्हणजे एसजीओटी आणि एसजीपीटी, तीन आणि सहा महिन्यांनी, फायब्रोस्कॅन साधारण वर्षाने.

समजा, वर्षाने वजन ७५.५ झालं, म्हणजे जवळजवळ ८ टक्के उतरलं. एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स २.१५ लाख, वय ४९. फिब-४: १४७० भागिले (२१५ × ६ = १२९०), उत्तर १.१४. फायब्रोस्कॅन ७.१. हे चांगलंच आहे. पण यातून फायब्रोसिस मागे गेला असं लिहून देता येत नाही. सूज उतरली की एन्झाइम्स उतरतात आणि फिब-४ त्यांच्याबरोबर खाली येतो. सूज असताना लिव्हरही खरं असतं त्याहून कडक मोजलं जातं. दोन्ही आकडे दुसऱ्या वर्षीही खाली राहिले तर त्यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. म्हणून वर्षभराने तपासणी सोडून देऊ नये.

रिपोर्ट चुकीचा वर गेलाय, असं कधी समजायचं?

पुण्यात याचं पहिलं कारण पावसाळा. डेंगीत प्लेटलेट्स कोसळतात आणि एसजीओटी चढतं, म्हणजे सूत्रात वरचा आकडा वाढतो आणि खालचा घटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात ताप येऊन गेलेल्या माणसाचा फिब-४ ३ किंवा ४ आला तर तो तापाचा असू शकतो. प्लेटलेट्स आणि एन्झाइम्स पूर्ववत झाल्यावर, महिना-दीड महिन्याने पुन्हा काढावा.

दुसरं कारण व्यायाम. रविवारी सिंहगड चढून सोमवारी सकाळी रक्त दिलं तर एसजीओटी स्नायूंतून आलेलं असू शकतं. दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळून रक्त द्या. तिसरं, नळीत प्लेटलेट्सचे गठ्ठे झाले की यंत्र त्या कमी मोजतं. रिपोर्टवर 'गठ्ठे दिसतात' असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यावा.

फायब्रोस्कॅनसाठी किमान तीन तास उपाशी जायचं, जेवून गेल्यास आकडा वाढतो. दहा मोजण्या व्हायला हव्यात आणि मोजण्यांमधली तफावत, जी रिपोर्टवर टक्क्यांत असते, ३० च्या आत असावी. पोट मोठं असेल तर मोठ्या प्रोबने मोजलं का, हे विचारा.

सिरॉसिस आहे असं सांगितलं असेल तर हेच लागू होतं का?

नाही, तिथे नियम बदलतात. पोटात पाणी असेल तर काट्यावरचं वजन फसवं असतं: अंग झडत असतं आणि काटा वाढतो. रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला देतात, कारण रात्रभराच्या उपाशीपोटी लिव्हरजवळ साठा नसतो आणि शरीर स्नायू खाऊ लागतं. आपल्या मनाने डाएट करू नये. कॅन्सर लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी, आकडे सुधारले तरी.

लिव्हर साफ करणारे काढे आणि पावडरी?

गुळवेल आणि ग्रीन टी अर्काच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. कुठलीही पावडर घेत असाल तर डबा डॉक्टरांकडे घेऊन जा. अचानक वाढलेल्या एसजीपीटीचं कारण कधीकधी त्या लेबलवरच छापलेलं असतं.